हजार रुपये कमी भरले, दोन हजार व्याज लागले: क्रेडिट कार्डाची बिनव्याजी मुदत कशी जाते आणि परत कशी आणायची

तीस हजारांचे बिल आले आणि तुम्ही मुदतीच्या आत एकोणतीस हजार भरले. हजार रुपये राहिले, त्यावर महिन्याचे तीस-पस्तीस रुपये व्याज लागेल असा अंदाज केला. पुढच्या बिलात मात्र व्याज आणि जीएसटी मिळून दोन हजारांहून जास्त रक्कम दिसते. कस्टमर केअरला फोन केला की 'व्याज नियमाप्रमाणेच लागले आहे' असे उत्तर मिळते, आणि बहुतेक वेळा ते खरे असते. हा हिशोब कसा होतो ते एकदा आकड्यांनिशी पाहिले, की कार्ड वापरताना कुठे पाय घसरतो ते कळते आणि घसरल्यावर कमीत कमी नुकसानीत बाहेर कसे यायचे तेही कळते.

मुदत मिळते ती एका अटीवर

कार्डाच्या जाहिरातीत '५० दिवसांपर्यंत बिनव्याजी' असे लिहिलेले असते. यातला 'पर्यंत' हा शब्द महत्त्वाचा. समजा तुमचे बिल दर महिन्याच्या १५ तारखेला निघते आणि पैसे भरायला त्यानंतर २० दिवस मिळतात. १६ मे रोजी केलेली खरेदी १५ जूनच्या बिलात येईल आणि ५ जुलैपर्यंत भरायची असेल, म्हणजे ५० दिवस मिळाले. हीच खरेदी १५ जूनला केली तर २० दिवसच मिळतात. बिल निघाल्यावर पैसे भरायला किमान पंधरवड्याचा अवधी मिळाला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याहून जास्त किती द्यायचा हे कार्ड देणारी बँक ठरवते.

ही सवलत एका अटीवर असते: बिलावरची 'एकूण देय रक्कम' देय तारखेपर्यंत पूर्ण भरलेली हवी. पूर्ण म्हणजे पूर्ण, किमान रक्कम नव्हे आणि 'जवळजवळ सगळी'ही नव्हे. मागच्या बिलातले काही शिल्लक असेल तर बिनव्याजी मुदत स्थगित होते, हे कार्डाच्या अटींच्या पत्रकात स्पष्ट लिहिलेले असावे आणि उदाहरण देऊन समजावलेले असावे, असे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत सांगितले आहे. या पत्रकाला बँकेच्या भाषेत एमआयटीसी म्हणतात. कार्डासोबत आलेल्या पाकिटात ते असते आणि बँकेच्या संकेतस्थळावरही असते. फारसे कोणी वाचत नाही, पण त्यातले व्याजाचे उदाहरण असलेले एक पान वाचलेच पाहिजे. तुमच्या बँकेची नेमकी पद्धत तिथेच कळते.

अट मोडली की दोन गोष्टी एकदम होतात. लोकांना सहसा एकच माहीत असते किंवा एकही नसते.

पहिली गोष्ट म्हणजे मागच्या बिलातल्या खरेदीला मिळालेली मुदत मागे जाऊन रद्द होते. व्याज देय तारखेपासून सुरू होत नाही, प्रत्येक खरेदी ज्या दिवशी केली त्या दिवसापासून ते मोजले जाते. तेही फक्त राहिलेल्या हजार रुपयांवर नाही. पैसे भरेपर्यंत जी रक्कम थकीत होती त्या पूर्ण रकमेवर ते लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे नव्या खरेदीला मुदत मिळणेच बंद होते. जुनी बाकी असताना कार्ड घासले, की त्याच दिवसापासून व्याजाचे मीटर सुरू. ती खरेदी अजून कोणत्याही बिलात आलेली नसली तरी.

आकड्यांनिशी एक महिना

व्याजदर महिना ३.५ टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. भारतात बऱ्याच कार्डांचा दर याच्या आसपास असतो, काहींचा ३.७५ टक्केही असतो. ही पातळी पाहून कोणाला 'याला कायद्याची मर्यादा नाही का' असा प्रश्न पडेल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वार्षिक ३० टक्क्यांहून जास्त व्याज अनुचित ठरवले होते. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा ती ढाल आता नाही.

व्याज रोजच्या बाकीवर मोजतात. सूत्र साधे आहे:

व्याज = रक्कम × दिवस × वार्षिक दर ÷ ३६५

आता खरेदी पाहू. २० मे रोजी २०,००० रुपयांचा फ्रिज घेतला. १० जूनला मुलांचे गणवेश, वह्या-पुस्तके आणि शाळेची फी मिळून १०,००० गेले. १५ जूनला ३०,००० चे बिल निघाले, देय तारीख ५ जुलै. तोपर्यंत २० जूनला दुचाकीचा विमा आणि टायर यांचे १२,००० कार्डावरच दिले. ५ जुलैला तुम्ही २९,००० भरले. मग ८ जुलैला ६,००० चा किराणा आणि औषधे घेतली. १५ जुलैला नवे बिल निघाले. त्यातले व्याज असे बनते:

| कशावर | रक्कम | कधीपासून कधीपर्यंत | दिवस | व्याज (रुपये) |
|---|---|---|---|---|
| फ्रिज | २०,००० | २० मे ते ४ जुलै | ४६ | १,०५८.६३ |
| शाळेचा खर्च | १०,००० | १० जून ते ४ जुलै | २५ | २८७.६७ |
| राहिलेली बाकी | १,००० | ५ जुलै ते १५ जुलै | ११ | १२.६६ |
| विमा व टायर | १२,००० | २० जून ते १५ जुलै | २६ | ३५९.०१ |
| किराणा, औषधे | ६,००० | ८ जुलै ते १५ जुलै | ८ | ५५.२३ |

बेरीज १,७७३.२० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१९.१८ रुपये. कर्जाच्या व्याजावर एरवी जीएसटी नसतो, पण क्रेडिट कार्डाचे व्याज त्या सवलतीतून वगळलेले आहे. त्यामुळे ४२ टक्क्यांचा दर प्रत्यक्षात साडेएकोणपन्नास टक्क्यांच्या घरात जातो. एकूण भार २,०९२.३८ रुपये. संपूर्ण तीस हजार भरले असते तर या पाच ओळींपैकी एकही बिलात आली नसती.

तक्त्यातली तिसरी ओळ पुन्हा पाहा. ज्या हजार रुपयांवर आपण व्याजाचा अंदाज बांधला होता, त्यांचे व्याज बारा रुपये सहासष्ट पैसे आहे. उरलेले सगळे व्याज मुदत गेल्याचे आहे.

समजा हजार रुपये सोडण्याऐवजी फक्त किमान रक्कम भरली असती, ३०,००० च्या ५ टक्के म्हणजे १,५००. मग ५ ते १५ जुलै या ११ दिवसांत बाकी १,००० ऐवजी २८,५०० राहिली असती. त्या फरकाचे व्याज होते ३४८ रुपये. म्हणजे पहिल्या बिलापुरते पाहिले तर हजार राहिले काय किंवा साडेअठ्ठावीस हजार राहिले काय, व्याजात साडेतीनशेचाच फरक. मुदत जाण्याचा फटका आधी बसतो, बाकीच्या आकाराचा नंतर. यावरून 'मग किमानच भरू' असा निष्कर्ष मात्र काढू नका. साडेअठ्ठावीस हजारांवर रोज ३३ रुपये चढतात, हजारावर रोज एक रुपया १५ पैसे. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ही दरी वेगाने वाढते.

इथे लेट फी नाही आणि क्रेडिट स्कोअरवर उशिराचा डागही नाही, कारण किमान रकमेहून जास्त पैसे वेळेत भरलेले आहेत. म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही. धोक्याचा मेसेज येत नाही, फोन येत नाही, बिलात फक्त 'फायनान्स चार्जेस' अशी एक ओळ येते.

पूर्ण भरूनही पुढच्या महिन्यात व्याज का येते

१५ जुलैचे बिल १,००० + १२,००० + ६,००० आणि व्याज व जीएसटीचे २,०९२.३८ मिळून २१,०९२.३८ रुपयांचे. देय तारीख ४ ऑगस्ट. या वेळी शहाणे होऊन तुम्ही पैसा न् पैसा ४ ऑगस्टलाच भरता. मधे २५ जुलैला गणपतीसाठी गावी जायची ८,००० ची तिकिटे याच कार्डावर काढली आहेत.

१५ ऑगस्टच्या बिलात पुन्हा व्याज. इथे लोक चिडतात, कारण या खेपेला त्यांनी काहीही बाकी ठेवलेले नसते. पण १६ जुलै ते ३ ऑगस्ट हे १९ दिवस आधीचे १९,००० थकीतच होते आणि मुदत स्थगित होती. १५ जुलैच्या बिलात १५ जुलैपर्यंतचेच व्याज आले होते. पुढच्या १९ दिवसांचे ४१५.४० रुपये आता आले. तिकिटांच्या ८,००० वर २५ जुलै ते ३ ऑगस्ट या १० दिवसांचे ९२.०५ रुपये. एकूण ५०७.४५, जीएसटी ९१.३४, मिळून ५९८.७९ रुपये. (या हिशोबात आधीच्या व्याजावर व्याज धरलेले नाही. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे.)

हे मागून आलेले शेपूट आहे. बँकांच्या पद्धतीत फरक पडतो तो मुख्यतः इथेच. काही बँका जुने बिल पूर्ण भरल्याच्या दिवसापासून नव्या खरेदीला पुन्हा मुदत देतात, वरच्या हिशोबात तसे धरले आहे. काही ठिकाणी पुढच्या बिलाच्या तारखेपर्यंत व्याज चालू राहते. एमआयटीसीतल्या उदाहरणात नवी खरेदी कोणत्या तारखेपर्यंत व्याजाला धरली आहे ते पाहिले की उलगडा होतो.

या शेपटाशी लोक भांडतात, आणि भांडण चालू असताना बिलातले ५९८.७९ वगळून फक्त ८,००० भरतात. 'चुकीचे व्याज मी का भरू?' असा विचार. परिणाम असा की एकूण देय रक्कम पुन्हा अपुरी भरली गेली, मुदत पुन्हा गेली आणि चक्र सुरूच. सहाशे रुपयांसाठी आणखी एक महिना व्याज. आक्षेप असला तरी आधी पूर्ण बिल भरा, मग तक्रार करा. बँकेची चूक निघाली तर रक्कम कार्डावर परत जमा होते.

अडकल्यावर बाहेर कसे यायचे

कमी रक्कम भरली गेली हे ६ जुलैलाच लक्षात आले असे समजू. देय तारीख उलटल्याने आधीच्या खरेदीचे व्याज तर लागून चुकले, ते १,३४६.३० रुपये आता टळत नाहीत. पण पुढचे थांबवता येते, आणि त्यासाठी पुढच्या बिलाची वाट पाहायची नसते.

पहिले काम म्हणजे कार्डावरची नवी खरेदी बंद करणे. मोठी खरेदी लोक आपणहून थांबवतात, आपोआप होणारी विसरतात: दर महिन्याला कापले जाणारे ओटीटीचे पैसे, मोबाइलचे बिल, विम्याचा हप्ता. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेले असेल तर आणखी जपा. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड स्कॅन करून दिलेले वीस रुपयेही त्या दिवसापासून व्याजाला लागतात. यूपीआय ॲपमध्ये पैसे देण्याचे नेहमीचे खाते म्हणून काही काळ बचत खाते निवडून ठेवा.

दुसरे काम म्हणजे योग्य आकडा शोधणे. ॲपमध्ये दोन आकडे दिसतात. एक मागच्या बिलाची राहिलेली रक्कम, म्हणजे इथे १,०००. दुसरा आजची एकूण थकबाकी, ज्यात बिलात अजून न आलेल्या खरेद्याही असतात, म्हणजे इथे १३,०००. ॲपवर हा दुसरा आकडा बहुधा Current Outstanding किंवा Total Outstanding या नावाने असतो. व्याज थांबवायचे तर दुसरा आकडा भरायचा. नुसते हजार भरले तर जुनी बाकी मिटते, पण १२,००० वर व्याज चालू राहील की नाही हे बँकेच्या पद्धतीवर राहते.

६ जुलैला १३,००० भरले आणि त्यानंतर कार्ड वापरलेच नाही, तर १५ जुलैच्या बिलात हजार रुपयांचे एका दिवसाचे १.१५, बारा हजारांचे १६ दिवसांचे २२०.९३ आणि आधीचे १,३४६.३० असे १,५६८.३८ रुपये व्याज येईल. जीएसटीसह १,८५०.६९. खरेदीची बाकी शून्य. आधीच्या हिशोबात दोन बिले मिळून २,६९१.१७ रुपये गेले होते. म्हणजे महिनाभर न थांबता सहा तारखेलाच पैसे भरल्याने आणि किराणा-तिकिटे दुसरीकडून केल्याने सुमारे ८४० रुपये वाचले.

तिसरे काम म्हणजे १५ जुलैचे बिल 'यात तर फक्त व्याज आहे' म्हणून दुर्लक्षित न करता देय तारखेच्या आत पूर्ण भरणे. आणि त्यानंतरचे बिल उघडून फायनान्स चार्जेसच्या ओळीत शून्य आहे ना ते पाहणे. शून्य दिसेपर्यंत मुदत परत आली असे धरू नका. साधारणपणे लागोपाठ दोन बिले पूर्ण भरली की ते दिसते.

कस्टमर केअरला फोन करून हे व्याज माफ करण्याची विनंती करता येते. आधीची बरीच वर्षे पूर्ण भरणा केलेला असेल आणि रक्कम किरकोळ राहिली असेल तर बँका कधी कधी ऐकतात. तो तुमचा हक्क नाही, बँकेची मर्जी आहे. मान्य झाले तर विनंतीचा क्रमांक घ्या, आणि पैसे जमा होईपर्यंत बिल पूर्णच भरत राहा.

एकरकमी पैसे नसतील तर ४२ टक्क्यांची बाकी कमी व्याजाच्या कर्जात वळवणे हाच मार्ग. कार्डाच्याच बाकीचे ईएमआय करून मिळतात. त्यात वार्षिक दर, प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी असे तिन्ही विचारून घ्या. मुदत ठेव असेल तर तिच्यावरचे कर्ज किंवा सोनेतारण बहुतेक वेळा आणखी स्वस्त पडते. ईएमआय करायचे तर शक्यतो देय तारखेच्या आधी करा, म्हणजे ती रक्कम त्या बिलाच्या देय रकमेतून बाहेर निघते आणि उरलेले पूर्ण भरून मुदत वाचवता येते. देय तारखेनंतर केलेल्या ईएमआयने पुढचे व्याज कमी होते, पण झालेले व्याज जात नाही. ईएमआय चालू असताना दर महिन्याचा हप्ता एकूण देय रकमेतच धरलेला असतो. तो भरला पण बाकीची खरेदी पूर्ण भरली नाही, तर त्या खरेदीची मुदत जातेच.

तुमच्याकडे दुसरे कार्ड असेल आणि त्यावर काहीही बाकी नसेल, तर त्याची मुदत शाबूत असते. पहिले कार्ड साफ होईपर्यंत घरखर्च त्या कार्डावर केला तर त्यावर व्याज लागत नाही. अट हीच की त्याचे बिल पूर्ण भरता आले पाहिजे. नाहीतर एकाऐवजी दोन मीटर चालू.

रक्कम नकळत अपुरी कशी राहते

मुद्दाम बाकी ठेवणाऱ्यांपेक्षा नकळत बाकी राहिलेल्यांची तक्रार जास्त असते. त्यातली काही ठिकाणे ठरलेली आहेत.

ऑटोपे हे सगळ्यांत मोठे. ऑटोपे लावताना 'एकूण देय' आणि 'किमान देय' असे दोन पर्याय येतात. किमान निवडलेले असेल तर दर महिन्याला पैसे वेळेवर कापले जातात, मेसेज येतो, आणि मुदत मात्र पहिल्याच महिन्यात गेलेली असते. ॲपमध्ये जाऊन आजच ही निवड तपासा. पर्याय बरोबर असला तरी कापण्याच्या दिवशी खात्यात पैसे नसतील तर ऑटोपे परत फिरते. म्हणून देय तारखेच्या दोन दिवस आधी खात्यातली शिल्लक पाहायची. पगार एक तारखेला आणि देय तारीख २८ असली तर हे दर महिन्याचे दुखणे होते. त्यावर उपाय आहे: बिलाची तारीख आपल्या सोयीने किमान एकदा बदलून मागण्याची सोय बँकेने द्यावी असा नियम आहे. पगारानंतर आठवडाभराने देय तारीख येईल अशी बिलाची तारीख मागून घ्या.

वार्षिक शुल्काचा वाद हे दुसरे ठिकाण. 'आजन्म मोफत' म्हणून दिलेल्या कार्डाच्या बिलात ५०० रुपये शुल्क आणि ९० रुपये जीएसटी लागलेला दिसतो. माणूस वैतागून ५९० वजा करून उरलेले भरतो. बँकेच्या संगणकाला वाद कळत नाही, बाकी कळते. तीस हजारांच्या बिलात ५९० राहिले तरी वरचाच तक्ता लागू.

परत केलेल्या वस्तूंचे पैसे हे तिसरे. बिल निघाल्यावर एखादी वस्तू परत केली आणि देय तारखेच्या आधी ते पैसे कार्डावर आले, तर ते त्या बिलाच्या देय रकमेतून लगेच वळते करून तुम्हाला कळवावे असे निर्देश आहेत. पण दुकानदाराने 'पैसे पाठवले' म्हटल्यावर ते कार्डावर दिसायला काही दिवस जातात. ॲपमध्ये देय रक्कम कमी झालेली दिसली तरच तेवढे कमी भरा. दिसली नाही तर पूर्ण भरा, जास्तीचे पैसे कार्डावर जमा राहतात आणि पुढच्या बिलात वळते होतात. कॅशबॅक आणि रिवॉर्ड पॉइंटच्या रकमेलाही हाच न्याय लावा. न पटलेला फसवणुकीचा व्यवहार मात्र वेगळा. तो लेखी कळवल्यावर तक्रारीचा निकाल लागेपर्यंत त्या रकमेवर शुल्क लावता येत नाही. तक्रार क्रमांक हाती असल्याशिवाय ती रक्कम वगळू नका.

रुपयांपुढच्या सुट्या पैशांमुळेही रक्कम अपुरी राहते. बिल ३०,०००.४२ चे आणि भरले ३०,०००. इतक्या थोड्या बाकीकडे काही बँका दुर्लक्ष करतात, पण त्यावर विसंबायचे कारण नाही. ३०,००१ भरले की विषय संपतो.

एटीएममधून कार्डावर काढलेली रोख हा वेगळाच प्रकार. तिला बिनव्याजी मुदत कधीच नसते, बिल पूर्ण भरले तरी काढल्या दिवसापासून व्याज आणि वर रोख काढण्याचे शुल्क. बिलात व्याज दिसले आणि बाकी तर नव्हती, तर आधी मागच्या दोन बिलांत रोख काढल्याची नोंद शोधा.

तीन दिवसांचा गैरसमज

देय तारखेनंतर तीन दिवसांची सवड असते असे ऐकलेले असते, आणि ते अर्धे खरे आहे. खाते तीन दिवसांहून जास्त थकल्याशिवाय बँकेने लेट फी लावू नये आणि थकीत म्हणून क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवू नये, असा नियम आहे. तो दंडाबद्दल आणि नोंदीबद्दल आहे. बिनव्याजी मुदत तीन दिवस वाढते असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. चौथा दिवस उजाडला तर थकलेले दिवस मूळ देय तारखेपासूनच मोजले जातात. तुमची बँक आपणहून व्याजातही सवड देत असेल तर चांगलेच, पण तसे तिच्या पत्रकात लिहिलेले असल्याशिवाय देय तारीख हीच शेवटची माना. दुसऱ्या बँकेच्या खात्यातून किंवा एखाद्या ॲपमधून भरत असाल तर पैसे कार्डावर चढायला एखादा दिवस जाऊ शकतो, म्हणून दोन-तीन दिवस आधी भरा.

बँकेचा हिशोब पडताळायचा असेल तर

शेवटची तीन बिले समोर घ्या. प्रत्येक खरेदीची तारीख आणि रक्कम, प्रत्येक भरण्याची तारीख आणि रक्कम कागदावर उतरवा. वरच्या तक्त्याप्रमाणे प्रत्येक ओळीचे रक्कम गुणिले दिवस करा, सगळ्यांची बेरीज करा, एकदाच वार्षिक दराने गुणून ३६५ ने भागा. वरच्या उदाहरणात ही बेरीज १५,४१,००० येते, तिला ०.४२ ने गुणून ३६५ ने भागले की १,७७३.२०. व्याजदर बिलाच्या मागच्या बाजूला किंवा शेवटच्या पानावर असतो. तुमच्या आणि बँकेच्या आकड्यात दोन-पाच रुपयांचा फरक दिवस धरण्याच्या पद्धतीमुळे येतो, तो सोडून द्या. शेकड्यांत फरक असेल तर तीन शक्यता तपासा: भरणा उशिराच्या तारखेला नोंदला गेला का, परताव्याची रक्कम बाकीतून वजा झाली का, आणि शुल्क किंवा जीएसटीवरही व्याज लावले आहे का.

यातले काही सापडले तर फोनवर बोलून थांबू नका. हिशोबाचा तक्ता जोडून ईमेल करा आणि 'व्याजाची दिवसवार आकारणी द्या' असे नेमके मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते आणि त्याला पैसे लागत नाहीत. तिथे बँकेला पाठवलेल्या तक्रारीची तारीख आणि प्रत विचारतात, म्हणून ती ईमेल जपून ठेवा.